अंगठ्याखालचा रकाना

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर चिंगीने लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवला आणि बापाला हाक मारली.

"बाबा, तक्ता झाला. एकदा डोळ्यांखालून घाला आणि हो म्हणा, म्हणजे मी फॉर्म भरून मोकळी होते."

तिचा बाप भांडी विसळत होता. रंगाच्या दुकानात काउंटरवर उभं राहण्यात त्याची वीस-बावीस वर्षं गेली होती. भिंत बघून किती लिटर रंग लागेल ते तो सांगत असे आणि गिऱ्हाइकाचा चेहरा बघून कुठली छटा खपेल तेही. म्हणून सगळे त्याला शेडकाका म्हणत. घरात मात्र हिशोब त्याच्याकडे कधीच नव्हते. ते बायकोकडे होते. ती लहान मुलांच्या शाळेत शिक्षिका होती. ती गेल्यापासून विजेचं बिल असो की विम्याचा हप्ता, कागद हातात आला की तो आधी थोडा वेळ नुसताच धरून बसायचा. मग आतून चिंगी यायची, "द्या इकडे" म्हणायची आणि निस्तरायची.

हात पुसून तो येऊन बसला.

प्रश्न सोमवारच्या पाच वाजेपर्यंतचा होता. कॉलेजच्या साइटवर कुठला अभ्यासक्रम हवा ते भरायचं, आणि एकदा भरलं की बदल नाही. बापाने आकडा आधीच सांगून ठेवला होता. वर्षाला एक लाख वीस हजार, त्याच्या आत बसेल ते घे. आकडा त्याने बराच विचार करून काढला होता, पण सांगताना असा सांगितला की जणू डब्यावरची किंमत.

"हे बघा," चिंगी म्हणाली. "पाच कोर्स आहेत. सत्राची फी दुप्पट केलीय, कारण वर्षात सत्रं दोन. परीक्षेचीही दुप्पट. बाकीचं एकेकदा. वाणिज्य एक्कावन्न हजार, संगणक एक लाख, वैद्यकीय प्रयोगशाळा पंच्याऐंशी, एक्स-रे एक्क्याण्णव."

"आणि ते डोळ्यांचं?"

"ऑप्टोमेट्री एक बत्तीस." ती घाईने म्हणाली. "ते बसत नाही. मी प्रयोगशाळा भरतेय. पंच्याऐंशी म्हणजे पस्तीस हजार वाचतात."

ऑप्टोमेट्रीचं वेड तिला शाळेत असल्यापासून होतं. आईचा चष्मा जाड होता. चष्म्याच्या दुकानात आई खुर्चीत बसली की ही पोरगी त्या माणसाच्या कोपराशी उभी राहायची. तो भिंगं बदलत "आता बरं की मघाशी बरं?" असं विचारायचा, आणि ही घरी येऊन बाहुलीला तेच विचारायची. बाहुलीला मघाशीच बरं दिसायचं.

आणि प्रयोगशाळा? मागच्याच वर्षी तापात रक्त तपासायला नेलं तेव्हा ही सुई बघून खुर्चीतून घसरली होती. रक्त घेणाऱ्या बाईंनी बाटली बाजूला ठेवून आधी हिला पाणी पाजलं.

"तिथे दिवसभर रक्तच असतं म्हणे," तो म्हणाला.

"सवय होते, बाबा."

"तुला आवडेल?"

"आता मला तेच आवडतं."

हे 'आता मला तेच आवडतं' बापाला नवं नव्हतं. वर्षभरात चिंगीला जे जे स्वस्त ते ते आवडू लागलं होतं. चप्पल स्वस्तातली आवडली. मैत्रिणींबरोबरची सहल नको झाली. बाहेरचं खाणं तर एकाएकी पचेनासं झालं. आई असताना हीच पोर दुकानात जमिनीवर फतकल मारून रडायची. बापाला कधीकधी वाटायचं, एकदा तरी तिने तसं रडावं.

"मला बघू दे जरा," तो म्हणाला.

"आकडे सगळे तपासलेत मी. फोटोशी एकेक ताडून. एकही चुकलेला नाही."

"मी कुठे चुकला म्हणतोय? बघतो नुसता."

आता या फोटोची हकीकत सांगायला हवी. कॉलेजचं माहितीपत्रक संपलं होतं आणि साइटवर अजून मागच्या वर्षीचंच होतं. कचेरीच्या खिडकीशी एकच प्रत दोरीने बांधून ठेवलेली होती, ज्याला हवं त्याने उभ्या उभ्या वाचावी. चिंगीची आत्या, म्हणजे बापाची थोरली बहीण, त्या बाजूला कामाला गेली होती. तिने रांगेत उभं राहून फीच्या पानाचा फोटो काढून आणला. पान तिरकं आलं होतं, मधल्या शिवणीपाशी फुगलं होतं, आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात आत्याचा अंगठा चांगला ऐसपैस विसावला होता. तो फोटो चिंगीने एका अ‍ॅपमध्ये घातला. फोटोतला तक्ता वाचून अ‍ॅपने ओळी-रकान्यांचं नीटस पत्रक करून दिलं, आणि पुढची बेरीज तिने मांडली.

बाप पडद्याकडे बघत राहिला. एक बत्तीस एकीकडे आणि पंच्याऐंशी, एक्क्याण्णव दुसरीकडे, हे काही त्याला रुचेना. दुकानात एकाच कंपनीच्या तीन छटा शेजारी ठेवल्या तर तिघींची किंमत लागून असते. एखादीच एवढी महाग असली की समजावं, लेबल चुकीच्या डब्याला लागलंय.

"चिंगू, या प्रयोगशाळेच्या कोर्सला प्रयोगशाळेची फी काय आहे?"

"कुठे?"

"तुझ्या तक्त्यात."

तिने बोट फिरवलं. "रिकामं आहे. म्हणजे नसेल."

"प्रयोगशाळेच्या कोर्सला प्रयोगशाळेची फी नाही, आणि डोळ्यांच्या कोर्सला आहे?"

"सव्वीस हजार. हो." ती जरा थांबली. "मला वाटलं, भिंगं वगैरे महाग असतील."

"आणि ग्रंथालयाचे चार हजार? तेही एकट्या डोळेवाल्यांना? बाकीची पोरं काय पुस्तकं वाचतच नाहीत?"

चिंगीला हसू आलं, पण ते तिने गिळलं. "बाबा, अ‍ॅपने जे वाचलं ते मी घेतलं. फोटोत सव्वीस हजार आहे, तक्त्यात सव्वीस हजार आहे. आकडा बरोबर आहे."

"आकडा बरोबरच आहे. तो राहतो कुठे ते बघायचंय."

तो उठला आणि बाहेरच्या खोलीतल्या कपाटातून लाकडी फूटपट्टी घेऊन आला. पट्टीच्या एका टोकाला लाल शाई कायमची मुरली होती. बायको गुणपत्रक तपासायला बसली की ही पट्टी ओळीखाली धरायची. ओळ संपली की पट्टी एक घर खाली. विजेचं बिलही ती तसंच वाचायची, आणि तो तिला चिडवायचा की अक्षरं काय पळून जाणार आहेत का. ती म्हणायची, अक्षरं नाही पळत, डोळा पळतो.

"फोटो मोठा कर," तो म्हणाला आणि पट्टी सरळ पडद्यावर टेकवली.

"बाबा! ओरखडा पडेल!"

"हलक्या हाताने धरतो ना."

पान तिरकं होतं म्हणून पट्टीही त्याने तिरकी धरली, पानातल्या रेघेला लागून. प्रयोगशाळा आणि ऑप्टोमेट्री या दोन ओळींच्या मधल्या रेघेवर. डावीकडून तो हळूहळू सरकत आला. कोर्सच्या नावाखाली रेघ होती. सत्राच्या फीखाली होती. पुढच्या रकान्यात रेघच नव्हती. त्याच्या पुढे, परीक्षेच्या रकान्यात, पुन्हा होती.

"इथे तुटली," तो म्हणाला.

"फोटो पुसट आहे."

"खालची बघू." त्याने पट्टी एक घर खाली घेतली, ऑप्टोमेट्री आणि एक्स-रे यांच्या मधे. तिथेही तसंच. सत्राच्या फीपर्यंत रेघ, मग एक रकाना कोरा, मग पुन्हा रेघ. म्हणजे प्रयोगशाळा, ऑप्टोमेट्री आणि एक्स-रे या तिन्ही ओळींना मिळून एकच मोठं घर होतं आणि त्या घराच्या बरोबर मध्यावर लिहिलं होतं, सव्वीस हजार.

चिंगी खुर्चीवरून पुढे झुकली.

"तिघांची एकच फी आहे," ती सावकाश म्हणाली. "एकदाच छापलीय. मधोमध. आणि मधली ओळ ऑप्टोमेट्रीची. म्हणून अ‍ॅपने ती तिलाच दिली."

"तिघं भाऊ जेवायला बसले, वाढलं तिघांना, आणि बिल मधल्याच्या हातात," बाप म्हणाला.

"थांबा, थांबा." आता पट्टी तिने स्वतःच्या हातात घेतली होती. ओरखड्याचं नाव नाही. "वाणिज्यच्या ओळीत बघा. तिथे प्रयोगशाळेची फी नाही, तर त्यांनी आडवी रेघ मारलीय. म्हणजे जिथे फी नाही तिथे ते आडवी रेघ मारतात. रिकामं ठेवत नाहीत. मी रिकाम्याला शून्य धरलं."

"बेरीज करताना रिकामं म्हणजे शून्यच धरतं ना ते?"

"धरतं. मुकाट्याने धरतं. चूक आहे असंही म्हणत नाही."

ग्रंथालयाच्या रकान्यात तर पाचही ओळींच्या मधे एकही रेघ नव्हती. पाचांना मिळून एक घर, मध्यावर चार हजार. पाचांतली मधली ओळ कुठली, तर पुन्हा ऑप्टोमेट्रीच. शेवटच्या रकान्यात पंधरा हजार, तेही पाचांना मिळून, तेही मध्यावर. साऱ्या कॉलेजचा भार त्या एका ओळीच्या डोक्यावर येऊन बसला होता.

चिंगीने घरं भरायला घेतली. सव्वीस हजार तिन्ही ओळींत. चार हजार पाचही ओळींत. पंधरा हजार पाचही ओळींत. एकेक आकडा भरेल तशी उजवीकडची बेरीज आपोआप बदलत होती. बाप बघत होता, आणि त्याला वाटत होतं की आता जमलं.

जमलं नव्हतं. बेरजा वर चढल्या होत्या. संगणक एक लाख एकोणीस. प्रयोगशाळा एक तीस. ऑप्टोमेट्री एक बत्तीस, होती तिथेच. एक्स-रे एक छत्तीस. वाणिज्य सत्तर.

चिंगीचे हात कीबोर्डवर थांबले.

"म्हणजे प्रयोगशाळाही बसत नाही," ती म्हणाली. आवाज नेहमीचा, समंजस. "बरं झालं आत्ताच कळलं. पंच्याऐंशी समजून गेलो असतो आणि तिथे एक तीस मागितले असते. वाणिज्य भरते. सत्तर."

"वाणिज्य तुला..."

"आवडेल मला."

बापाने लॅपटॉपचं झाकण हळूच अर्धं खाली केलं. "आज काही भरायचं नाही. उद्या पाचपर्यंत वेळ आहे. हा शेवटचा रकाना कसला आहे?"

"माहीत नाही. त्याचं नाव अंगठ्याखाली गेलंय. मी 'इतर' असं लिहिलं आणि दर वर्षी धरलं. कमी धरण्यापेक्षा जास्त धरलेलं बरं."

हे बोलणंही अगदी आईचं होतं. बापाने फोन उचलून बहिणीला लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"ताई, तो फोटो काढलास ना कॉलेजात, त्यात तुझा अंगठा आलाय."

"मग येणारच! पान उडत होतं. डोक्यावर पंखा केवढा, विमानाला लावतात तसला. एका हाताने पान धरू, एका हाताने फोन धरू, मागचा बाप्या म्हणतोय बाई आटपा. तिसरा हात कुठून आणू?"

"अंगठ्याखाली काय लिहिलं होतं, आठवतंय?"

"अरे, चष्मा पर्समधे होता. मी फोटो काढला, वाचलं कुठे? चिंगे, आहेस का गं तिथे?"

"आहे आत्या."

"माझ्या अंगठ्यापायी तुझं काही अडलं का गं?"

"नाही गं आत्या. अंगठा छान आलाय."

"आला असेल. बाकी काही धड येत नाही माझं फोटोत."

सोमवारी सकाळपासून शेडकाका दुकानातून कॉलेजच्या कचेरीत फोन लावत होता. फोन लागत नव्हता. लागला की कुणी उचलत नव्हतं. मधे एक जोडपं आलं, बैठकीच्या खोलीला कुठला पिवळा द्यावा यावर त्यांचं चांगलंच वाजलं, आणि शेडकाकाने त्यांना दोघांच्याही मनात नसलेला तिसराच पिवळा विकला. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर फोन उचलला गेला. पलीकडे एक बाई होत्या, सकाळपासून बोलून घसा बसलेल्या.

"बोला."

"फीच्या तक्त्याबद्दल विचारायचं होतं. शेवटचा रकाना, पंधरा हजारांचा. तो कसला आहे?"

"वर लिहिलंय की त्याच्या! वाचून फोन करत जा हो. लोकांना वाचायला नको."

"वर लिहिलंय, पण तिथे आमच्या ताईचा अंगठा आहे."

बाईंना हसू फुटलं, ते खोकल्यात गेलं आणि पुन्हा हसण्यात आलं.

"खिडकीपाशी फोटो काढला वाटतं. तो पंखा कमी करा म्हणून मी कधीची सांगतेय. थांबा, पान काढते." कागद चाळल्याचा आवाज आला. "अनामत आहे ती. प्रवेश घेताना एकदाच भरायची. शेवटच्या वर्षी पुस्तकं, सामान सगळं जमा केलं की परत."

"दर वर्षी नाही?"

"एकदाच. परत मिळणारी, असं कंसात लिहिलंय."

"आणि प्रयोगशाळेचे सव्वीस हजार? प्रयोगशाळा, ऑप्टोमेट्री, एक्स-रे, तिघांना?"

"तिघांना तेवढेच. दर वर्षी. ग्रंथालयाचे चार हजार सगळ्यांना, तेही दर वर्षी. शिक्षण आणि परीक्षा सत्रागणिक. आणखी काही?"

"बाई, आणखी कुठली फी आहे का, या पानावर नसलेली?"

"नाही. गणवेशाचे तुमचे तुम्ही बघायचे. कुठला कोर्स घेतेय मुलगी?"

शेडकाकाने काउंटरवरच्या शेडकार्डाकडे बघितलं. "ते तिलाच ठरवायचंय," तो म्हणाला. "आभारी आहे."

मालकाला सांगून तो लवकर निघाला. घरी आला तेव्हा चिंगी टेबलाशीच होती. साइटवरचा फॉर्म उघडा होता आणि वाणिज्यच्या पुढच्या गोलात टिंब पडलेलं होतं. फक्त 'सादर करा' दाबायचं बाकी होतं.

"दाबलंस?"

"तुमची वाट बघत होते."

"तो 'इतर'चा रकाना बेरजेतून काढ. अनामत आहे. एकदाच, आणि परत मिळते."

चिंगीने तक्ता उघडला. वर्षाच्या बेरजेतून पंधरा हजार काढले आणि शेजारी वेगळा रकाना केला. त्याला नाव दिलं, 'फक्त पहिल्या वर्षी, परत मिळणारे'. आकडे खाली उतरले. वाणिज्य पंचावन्न. संगणक एक लाख चार. प्रयोगशाळा एक पंधरा. ऑप्टोमेट्री एक लाख सतरा. एक्स-रे एक एकवीस.

एक सतरा. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. मग तिने तिथेच पुन्हा बेरीज केली, तोंडाने. "एक्केचाळीस दुणे ब्याऐंशी. परीक्षेचे अडीच दुणे पाच, सत्त्याऐंशी. सव्वीस, एकशे तेरा. चार, एकशे सतरा." मग म्हणाली, "पण पहिल्या वर्षी एक बत्तीसच होतात, बाबा. बारा हजार वरती जातात."

"वर्षाअखेर दुकानात बोनस मिळतो. मालकाशी बोललोय. या वर्षी आधी देतो म्हणाला."

"बोनस तुम्ही दातांसाठी ठेवला होता."

"दात काय, वर्षभर या बाजूने चावतोय. आणखी एक वर्ष चावेन."

"तसं नको. प्रयोगशाळा एक पंधरा आहे. दोन हजार वाचतील."

"दोन हजारांसाठी तू रोज बेशुद्ध पडणार?"

"सवय होते."

"चिंगू," बाप म्हणाला आणि थांबला. त्याला बोलणं जमत नसे. ती बाजू बायकोची होती. "मी एक वीस सांगितलं ते भरता येतात म्हणून सांगितलं. एक वीसपर्यंत घे म्हणून. कमीतलं कमी घे म्हणून नाही सांगितलं. आकडा सांगताना मला धड सांगता आलं नसेल. पण मला नुसता स्वस्त कोर्स नको होता. तुझा कोर्स एक वीसमधे बसतो का, एवढंच बघायचं होतं."

चिंगी मान खाली घालून बसली. तिचा खालचा ओठ, लहानपणी दुकानात खेळण्यापुढे व्हायचा तसा, बाहेर आला.

"मला चष्मेवाल्याकडे असते ना, ती भिंगांची पेटी हवी होती," ती म्हणाली. "शिकायला देतात तसली. मला रक्त अजिबात आवडत नाही. आणि वाणिज्यही नाही आवडत. आणि ती चप्पल बोचते." आणि ती रडायला लागली, चांगलं मोठ्याने, नाक ओढत.

बाप शेजारी बसून राहिला. थोड्या वेळाने त्याने तिच्यापुढे हात पुसायचं फडकं सरकवलं, कारण जवळ तेवढंच होतं.

फोन वाजला. आत्या होती. "काय निघालं रे माझ्या अंगठ्याखाली?"

"पंधरा हजार, ताई. परत मिळणारे."

"बघ! मी दाबून धरले म्हणून राहिले, नाहीतर पंख्याने उडून गेले असते. चिंगी रडतेय का तिथे?"

"रडतेय."

"रडू दे," आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

चिंगीने तोंड धुतलं, परत आली आणि फॉर्मवरचं टिंब उचलून तिसऱ्या ओळीत ठेवलं. 'सादर करा'वर बाण नेला आणि थांबली.

"बाबा, एकदा तुम्ही वाचा. कोड आणि नाव दोन्ही. ओळी फार जवळजवळ आहेत."

बापाने फूटपट्टी घेतली आणि तिसऱ्या ओळीखाली पडद्यावर टेकवली. ओरखड्याबद्दल या वेळी कुणी काही बोललं नाही. कोडचा एकेक आकडा त्याने मोठ्याने वाचला, मग नाव वाचलं, ऑप्टोमेट्री, मग पट्टी न हलवता ओळीच्या टोकापर्यंत गेला. टिंब त्याच ओळीत होतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "दाब."